बसचा नंबर, ॲपवरची मिनिटं आणि कुर्ल्यात बदलायची बस

प्रश्न : साताऱ्याहून नोकरीसाठी मुंबईत आलोय. विक्रोळी पश्चिमेला एलबीएस रोडजवळ राहतो, ऑफिस बीकेसीत आहे, साडेनऊला पोचावं लागतं. लोकलची गर्दी झेपत नाही, म्हणून बसने जायचं ठरवलंय. पण एकाच स्टॉपवर ढीगभर नंबर, त्यात काहींच्या आधी ‘ए’. ॲपवर तीन मिनिटं दिसतात आणि दहा मिनिटं बस येत नाही. कुर्ल्याला बस बदला म्हणतात, पण नेमकी कुठे बदलायची आणि हाताशी किती वेळ ठेवायचा?

उत्तर :

बसची वेळापत्रकं बांधायच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. विक्रोळी ते कुर्ला लोकलने मधली दोनच स्टेशनं, घाटकोपर आणि विद्याविहार. वेळेच्या हिशेबात बस तिची बरोबरी करणार नाही. तरी बसनेच जायचं असेल तर ते रोज जमण्यासारखं आहे, फक्त नंबर पाठ करून जमत नाही.

बेस्टच्या नंबरांना एक जुनी शिस्त आहे. ढोबळमानाने १ ते १९९ शहरातले, म्हणजे दक्षिण मुंबईशी नातं असलेले मार्ग. दोनशेच्या घरात पश्चिम उपनगरं, तीनशेच्या घरात पूर्व उपनगरं, पाचशेच्या घरात नवी मुंबईकडे जाणारे, सातशेच्या घरात मीरा-भाईंदरकडचे. चारशेच्या घरात पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणारे बरेच मार्ग सापडतील. या शिस्तीला अपवाद पुष्कळ आहेत, कारण मार्ग वाढले, तुटले, दुसऱ्यात मिसळले, आणि जुना नंबर तसाच राहिला. त्यामुळे नंबरावरून मार्ग साधारण कुठल्या भागातला एवढं कळतं. बस कुठल्या रस्त्याने जाते ते कळत नाही. ३३२ कुर्ला स्टेशन पश्चिमेहून अंधेरीला जाते आणि ३१० तिथूनच वांद्रे पूर्वेला जाते. दोन्ही तीनशेच्या घरातल्या आणि एकाच स्टेशनाबाहेरून सुटणाऱ्या, पण एक वायव्येला जाते, दुसरी बीकेसीतून नैऋत्येला.

नंबराआधीचा ‘ए’ म्हणजे वातानुकूलित गाडी. ३१० आणि ए-३१० अशा जोडीत रस्ता बहुतेक वेळा तोच असतो, भाडं वेगळं. पाटीवर ‘मर्यादित’ असेल तर ती गाडी मधले काही थांबे सोडते. तुमचा थांबा त्यात आहे का, हे चढण्याआधीच विचारा.

नंबरापेक्षा जास्त लक्ष शेवटच्या ठिकाणाच्या नावाकडे द्या. तोच नंबर जाताना आणि येताना दोन्हीकडे असतो, त्यामुळे नुसतं ‘३१०’ वाचून चढलात तर उलट्या दिशेला निघाल. दुसरं असं, की प्रत्येक फेरी शेवटच्या थांब्यापर्यंत जातेच असं नाही. पाळी संपत आली की गाडी मधल्याच डेपोला वळते. नंबर नेहमीचा, पाटीवर नाव मात्र डेपोचं. ॲपमध्येही अशी फेरी त्याच नंबराखाली दिसते आणि नवीन माणूस तिथेच फसतो.

आता तुमची तीन मिनिटं. बेस्टने २०२१ च्या डिसेंबरात चलो ॲप आणलं, तेव्हापासून मुंबईकराला थांब्यावर उभं राहून गाडी नकाशावर बघायची सवय लागली. मी पुढे जे सांगतोय ते कुठल्याही ॲपला लागू आहे, कारण मागची व्यवस्था सगळीकडे जवळपास सारखीच असते. गाडीतलं यंत्र उपग्रहावरून आपली जागा काढतं आणि मोबाइलच्याच जाळ्यावरून ती थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला कळवतं. सर्व्हर ती जागा मार्गाच्या रेषेवर बसवतो आणि त्या तुकड्यावर गाड्यांना एरवी किती वेळ लागतो त्यावरून अंदाज बांधतो. म्हणजे गाडी कुठे आहे, ही झाली नोंद. ती कधी येईल, हा अंदाज. नोंद बहुधा बरोबर असते, अंदाज रस्त्यावर अवलंबून. एलबीएसवर मेट्रोचं काम, पाणी तुंबणं, एखादा बंद पडलेला टेम्पो, यातलं काहीही झालं की तीन मिनिटांची दहा व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून मिनिटं वाचूच नका, थांबे मोजा. गाडी तुमच्यापासून किती थांबे मागे आहे ते बघा. उपनगरात दोन थांब्यांमध्ये साधारण चारशे-पाचशे मीटर अंतर असतं. सकाळच्या गर्दीत गाडीचा वेग, थांबणं धरून, ताशी दहा किलोमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे एका थांब्याला अडीच-तीन मिनिटं. गाडी चार थांबे मागे असेल तर मी सरळ दहा-बारा मिनिटं धरतो, स्क्रीन काहीही म्हणो. रात्री नऊनंतर हाच हिशेब थांब्यामागे सव्वा ते दीड मिनिटावर येतो.

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे जी बस मुळात नाहीच ती दिसणं. यात दोन गोष्टी ओळखायला शिका. पहिली, वेळापत्रकातली वेळ आणि खरी गाडी यांतला फरक. एखाद्या गाडीची जागा कळत नसेल तर ॲप छापील वेळापत्रकातली वेळ दाखवतं, आणि ती फेरी ड्रायव्हर न आल्याने किंवा गाडी नादुरुस्त झाल्याने रद्द झाली असली तरी वेळ तशीच दिसत राहू शकते. ओळखायचं कसं? नकाशावर त्या वेळेमागे गाडीचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर ती फक्त कागदावरची वेळ आहे. चिन्ह असेल तर एक मिनिट थांबून परत बघा. चिन्ह पुढे सरकलं तर गाडी जिवंत आहे. चिन्ह जागचं हललं नाही आणि आकडा मात्र तीनावरून दोनावर आला, तर आकडा नुसता घड्याळाबरोबर उतरतोय, गाडीची बातमी आलेलीच नाही.

दुसरी गोष्ट मार्ग सुटतो त्या ठिकाणची. कुर्ला स्टेशनसारख्या जागी गाडी येऊन उभी राहते, कर्मचारी चहा घेतात, मग नव्या फेरीवर निघते. उभ्या गाडीची जागा बरोबर दिसते, पण ती कधी सुटणार हे उपग्रहाला कळत नाही. शिवाय गाडीचं यंत्र त्या फेरीशी जोडायला उशीर झाला तर नव्या फेरीची गाडी ॲपवर काही वेळ दिसतच नाही, किंवा मागच्याच फेरीच्या नावाने दिसते. अशा ठिकाणी फोन खिशात ठेवा आणि गाड्या सोडणाऱ्या स्टार्टरच्या चौकीपाशी जाऊन विचारा. कुठली फेरी रद्द झाली, कुठली गाडी आधी सुटणार, हे तिथे बसलेल्या माणसाला नक्की माहीत असतं. “साहेब, बीकेसीची पुढची कुठली?” एवढं पुरतं.

हे दोन प्रकार सोडले तर राहतो थांब्याच्या बाजूचा घोळ. एकाच नावाचे दोन थांबे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि ॲपच्या यादीत एकाखाली एक येतात. उलट बाजूचा निवडलात तर दिसणारी प्रत्येक गाडी खरी, प्रत्येक आकडा खरा, आणि तरी तुमच्यासमोर एकही बस येणार नाही. थांबा निवडला की त्याखाली पुढचा थांबा कुठला दाखवतोय ते बघा. विक्रोळीहून सकाळी निघताना पुढे घाटकोपरकडचे थांबे दिसले पाहिजेत. भांडुप-मुलुंडकडचे दिसत असतील तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात.

आता बदल. लोक ॲपला ‘इथून तिथे’ विचारतात आणि ते जो पहिला पर्याय देईल तो पकडतात. ॲप बहुधा सर्वात कमी वेळाचा रस्ता देतं. तो वेळ सगळ्या गाड्या ठरल्याप्रमाणे आल्या तरच खरा असतो. रोजच्या प्रवासात बघायचं असतं ते हे, की एक गाडी चुकली तर किती नुकसान. दर आठ मिनिटांनी येणारी गाडी चुकली तर आठ मिनिटं जातात, दर चाळीस मिनिटांनी येणारी चुकली तर ऑफिसात लेट मार्क. त्यामुळे थेट बस सापडली म्हणून लगेच हुरळू नका. तिच्या दिवसभरातल्या फेऱ्या किती आणि सकाळी साडेसात ते नऊ या वेळात किती, हे बघा. तासाला एक-दोन फेऱ्या असतील तर ती बस समोर दिसली तर घ्यायची, तिच्यावर दिवस बांधायचा नाही.

तुमच्या बाबतीत पहिला टप्पा सोपा आहे. विक्रोळी ते कुर्ला हा एलबीएसचा सरळ पट्टा. त्यावरून कुर्ला-सायनच्या दिशेने बऱ्याच नंबरांच्या बस जातात आणि कुर्ल्यापर्यंत त्या सगळ्या तुमच्याच. एका नंबराची वाट बघत बाकीच्या सोडू नका. एका संध्याकाळी बसून ॲपमध्ये तुमच्या थांब्यावरून जाणाऱ्या प्रत्येक नंबराची थांब्यांची यादी उघडा आणि त्यात कुर्ल्याचा एलबीएसवरचा थांबा येतो का बघा. ज्यांत येतो ते नंबर फोनमध्ये लिहून ठेवा. समजा चार नंबर निघाले आणि प्रत्येकाची गाडी वीस मिनिटांनी येते. एकाचीच वाट बघितली तर वीस मिनिटांपर्यंत ताटकळाल, चारही चालत असतील तर सरासरी पाच मिनिटांनी एक गाडी मिळेल.

दुसरा टप्पा ३१०. कुर्ला स्टेशन एलबीएसच्या पूर्वेला, बीकेसी पश्चिमेला. त्यामुळे एलबीएसवर आल्याशिवाय ३१० ला बीकेसीत जाताच येत नाही. याचा अर्थ, बदलण्यासाठी तुम्हाला स्टेशनच्या गल्लीत शिरायची सक्ती नाही. ३१० च्या थांब्यांची यादी आणि तुमच्या एलबीएसच्या गाडीची यादी शेजारी ठेवा. दोन्हींत येणारा किंवा एकमेकांपासून शंभर-दोनशे मीटरवरचा थांबा शोधा. तो झाला एक पर्याय. दुसरा, स्टेशनपर्यंत जाऊन ३१० जिथून सुटते तिथेच रांगेत उभं राहायचं.

दोन्हींची किंमत वेगळी आहे. एलबीएसवर बदललं तर स्टेशनच्या चिंचोळ्या रस्त्यातलं रांगणं वाचतं, पण येणारी ३१० स्टेशनवरच भरलेली असते. सकाळी तिच्यात पाय ठेवायला जागा मिळेल, बसायला नाही, आणि कधी कधी ड्रायव्हर थांबवणारच नाही. स्टेशनवर गेलात तर रांग लांब दिसते, पण ती सरकते, कारण लोकलमधून उतरणाऱ्यांसाठी तिथे सकाळी गाड्या लागोपाठ लागतात. माझं मत विचाराल तर सकाळी स्टेशन, बाकी वेळी एलबीएस. सकाळी भरलेल्या दोन गाड्या डोळ्यांसमोरून निघून गेल्या तर वाचवलेली सगळी मिनिटं तिथेच जातात.

वेळ उलटीकडून मांडा. साडेनऊला टेबलावर बसायचं तर नऊ-वीसला बीकेसीतल्या थांब्यावर उतरलं पाहिजे. कुर्ला ते बीकेसी हे अंतर चार-पाच किलोमीटरच्या आतबाहेर, गर्दीत पंचवीस मिनिटं धरा. म्हणजे आठ-पंचावन्नला ३१० सुटायला हवी. तिच्या आधी पंधरा मिनिटं रांगेसाठी, म्हणजे आठ-चाळीसला कुर्ला. विक्रोळी ते कुर्ला सुमारे सात किलोमीटर, त्याच दहा-अकराच्या वेगाने चाळीस मिनिटं. तेव्हा आठला गाडीत बसलेलं असलं पाहिजे, आणि थांब्यावर त्याच्या पाच-सात मिनिटं आधी. हे सगळं माझ्या अंदाजाने धरलंय. पहिला आठवडा तुमची प्रत्यक्ष वेळ टिपा, आणि त्यातला सर्वात वाईट दिवस सोडून त्याच्या खालोखाल वाईट दिवस असेल तो धरून निघायची वेळ पक्की करा. सरासरी धरलीत तर निम्मे दिवस उशीर होईल.

एक गोष्ट तुम्हाला लवकरच दिसेल. वीस मिनिटं काही नाही, मग दोन ३१० एकामागे एक. याला कुणाचा निष्काळजीपणा लागत नाही. पुढची गाडी थोडी उशिरा झाली की प्रत्येक थांब्यावर तिच्यासाठी जास्त लोक जमतात, त्यांना चढवताना ती आणखी मागे पडते. मागच्या गाडीला माणसंच कमी मिळतात, म्हणून ती भराभर येऊन पुढचीला गाठते. अशा वेळी ॲपवर मागची गाडी एक-दोन थांब्यांवर खरोखर सरकताना दिसत असेल तर पुढची सोडा आणि मागची घ्या, जागा मिळेल. फक्त मागचीच्या पाटीवर शेवटचं ठिकाण तेच आहे ना, ते बघा. उशीर भरून काढायला कधी तिलाच मध्येच वळवतात.

भाड्याचं थोडक्यात. मे २०२५ पासून साध्या बसचं पाच किलोमीटरपर्यंतचं भाडं १० रुपये आणि वातानुकूलितचं १२ रुपये आहे. दहा किलोमीटरपर्यंत अनुक्रमे १५ आणि २०. गाडी बदलली की तिकीट नवं, आधीचं पुढे चालत नाही. म्हणजे साध्या बसने तुमची एक बाजू १५ अधिक १०, पंचवीस रुपये, जाऊन-येऊन पन्नास. दिवसाचा पास ७५ रुपयांचा आहे, त्यामुळे नुसत्या ऑफिसच्या दोन फेऱ्यांसाठी तो परवडत नाही. दोन्ही टप्प्यांना वातानुकूलितच मिळत गेली तरी खर्च चौसष्टवर थांबतो. रोज जाणारच असाल तर महिन्याच्या पासाचा हिशेब करा.

परतीला गणित उलटं होतं. बीकेसीत ३१० वांद्र्याहून येते आणि संध्याकाळी सहानंतर प्रत्येक ऑफिससमोर भरत भरत कुर्ल्याकडे जाते. तुमचा थांबा कुर्ल्याच्या बाजूला असेल तर एक-दोन थांबे मागे, कलानगरच्या दिशेला, चालत जा. तिथे तीच गाडी बरीच मोकळी मिळते. बसायला मिळालं की ती सरकत असतानाच पुढच्या टप्प्याचं ॲप उघडा, कारण परतीला तुमची विक्रोळीकडची गाडी दुसऱ्या टप्प्यात येते आणि ती किती थांब्यांवर आहे हे आता कामाचं आहे. ती कुर्ल्यापासून दोनच थांब्यांवर असेल तर एलबीएसवर उतरा आणि पळा. दहा थांब्यांवर असेल तर स्टेशनपर्यंत आरामात जाऊन तिथून विक्रोळी-मुलुंडकडचं काय सुटतंय ते स्टार्टरला विचारा. उशिरा थांबायची वेळ आलीच तर आधी विक्रोळीकडच्या शेवटच्या गाडीची कुर्ल्यातली वेळ बघा, तिच्यातून तासभर वजा करा आणि ऑफिसातून त्याआधी निघा. रात्री उशिराच्या फेऱ्यांत डेपोला वळणाऱ्या गाड्या जास्त असतात, तेव्हा चढताना कंडक्टरला थांब्याचं नाव सांगूनच विचारा, “विक्रोळीपर्यंत जाते ना?”